तारीख अलीकडे घ्यावी

माझ्या मुलाला कामावर सगळे लेव्हल म्हणतात, सपाटी बघायच्या बुडबुड्याच्या पट्टीवरून. फरशी बसवणाऱ्याला लेव्हल म्हणणं म्हणजे स्वयंपाकिणीला मीठ म्हणण्यासारखंच, पण त्याला ते शोभतं. तीस वर्षं त्याने लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या. कुठल्याही खोलीत शिरला की आधी माणसांकडे नाही, खाली बघतो. सासुरवाडीला पहिल्यांदा जाऊन आला तेव्हा मी विचारलं, "कशी आहेत रे माणसं?" तर म्हणतो, "मोरीजवळ उतार उलटा आहे. पाणी घरात येत असणार." सूनबाईच्या कानावर ते पुढे कधीतरी गेलं. अजून ऐकवते त्याला.

फरशीचं काम उभ्याने होत नाही. ते गुडघ्यावर होतं. जुन्या टायरचे दोन तुकडे कापून, त्यांना पट्टे लावून, गुडघ्यांना बांधायचे आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मागे मागे सरकत जायचं. पुढे बसलेली फरशी, मागे मोकळी जमीन. मी त्याला म्हणायची, "सगळं जग पुढे जातं, तू एकटा मागे जातोस." तो म्हणायचा, "आई, पुढे गेलो तर ओल्या फरशीवर पाय पडेल."

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तो सायकल धरून रस्त्याच्या कडेला भिंतीला टेकून उभा होता. मालाच्या टेम्पोवाल्याने गाडी मागे घेतली आणि याचा डावा गुडघा गाडी आणि भिंतीमध्ये सापडला. चालकाने पोलिसांना सांगितलं, "दिसलाच नाही." माझा मुलगा पावणेसहा फूट उंच, अंगात लाल सदरा. तो दिसला नाही म्हणे. टेम्पोवर मागे लिहिलं होतं, "अंतर ठेवा." ते वाचून मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. उतरायची त्याला घाईही नाही.

गुडघ्यात पट्टी बसवली, स्क्रू बसवले. हाड जुळलं, पण पाय वाकेना. सूनबाई कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीला जायला लागली आणि घर तिच्या मनगटावर आलं. अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकायला एक वेगळं न्यायाधिकरण असतं, तिथे वकिलामार्फत दावा लावला. टेम्पोचा मालक एकदाही आला नाही, तेव्हा त्याच्याविरुद्ध एकतर्फी चालवायचं ठरलं. समोर उरली विमा कंपनी. दोन वर्षांत माझ्या मुलाची साक्ष झाली, हाडाच्या डॉक्टरांची साक्ष झाली, कंपनीनेही आपलं सांगणं संपवलं. राहिला फक्त दोन वकिलांचा युक्तिवाद. म्हणजे अख्खी फरशी बसवून झाली, फक्त सांधे भरायचे राहिले.

आणि त्यासाठी तारीख पडली दहा महिन्यांनंतरची.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, "सहा महिन्यांच्या आत पट्टी काढून गुडघा मोकळा करायला हवा. त्यानंतर आतलं सगळं घट्ट होईल. मग ऑपरेशन करून काही उपयोग नाही, पाय असाच राहील, काठीसारखा." ऑपरेशन करायला भरपाईशिवाय दुसरा मार्ग नव्हता, तो आम्ही सगळीकडे शोधून झाला होता. सहा महिने आणि दहा महिने. मी चौथी शिकलेली बाई, पण हे गणित मला येतं.

वकिलाला सांगितलं. वकील म्हणाला, "बघू, पुढच्या आठवड्यात अर्ज टाकू." पुढचा आठवडा आला आणि गेला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा वकील नव्हताच. त्याचा कारकून दात कोरत बसला होता. तो म्हणाला, "अहो मावशी, त्यात काय एवढं? न्यायाधिकरणाच्या कचेरीत, रजिस्ट्रीला एक पत्र लिहून टाका. लवकर तारीख द्या म्हणावं. देतात."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. टेम्पोखाली आलेल्याने कुठली पायरी चढावी, ते मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसले. माझं अक्षर मोठं आहे, एका ओळीत पाच शब्द मावतात, पण वाचता येतं. लेव्हल पाय खुर्चीवर लांब ठेवून सांगत होता, मी लिहीत होते. नाव, पत्ता, दाव्याचा नंबर. डॉक्टर काय म्हणाले ते. तारीख अलीकडे घ्यावी ही विनंती. इथवर ठीक झालं.

मी लिहिलं, "माझ्याने आता कुठलंही काम होत नाही."

"हे काढ," तो म्हणाला.

"का?"

"काढ म्हणतो ना. लिही, तब्येत आता बरी आहे, बसून थोडंफार काम करतो."

"कुठलं काम करतोस? काल घड्याळाला चावी दिलीस, ते?"

"आई, चेष्टा नको. कागद फिरतो. आज रजिस्ट्रीत, उद्या वकिलाकडे, परवा ठेकेदाराच्या कानावर. माझी पेटी अजून त्याच्या साइटवर आहे. लेव्हल परत येणार म्हणून जागा धरलीय त्याने. मी स्वतःच्या सहीने लिहून दिलं की आता होत नाही, तर संपलं."

त्याची अवजारांची पेटी दोन वर्षं ठेकेदाराच्या साइटवरच्या गोदामात होती. थापी, रबरी हातोडा, दोरी, लेव्हल. या धंद्यात ज्याची पेटी साइटवर त्याची जागा साइटवर. कागदावर कुणी नेमत नाही, कागदावर कुणी काढत नाही. पेटी घरी आली की माणसाने समजून घ्यायचं.

"अहो, लिहा ना आई ते म्हणतात तसं," सूनबाई मनगटाला तेल चोळत म्हणाली. "एका ओळीने काय होतंय?"

मी ओळ खोडली आणि त्याची ओळ लिहिली. त्याने सही केली. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तसं झालं ते पत्र. लवकर तारीख द्या, माझे हाल आहेत, आणि हो, मी अगदी बरा आहे. दुसऱ्या दिवशी मी ते रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि पावती डब्यात जपून ठेवली.

आठ आठवडे गेले. उत्तर नाही. सहा महिन्यांतले दोन असे पोस्टाच्या पावतीकडे बघण्यात गेले. शेवटी मी म्हटलं, "चल. पत्राला पाय नाहीत, आपल्याला मिळून तीन आहेत."

न्यायाधिकरणाची रजिस्ट्री म्हणजे एक लांब बोळ आणि बोळाच्या टोकाला जाळीची खिडकी. बाकावर आमच्यासारखे बसलेले. कुणाचा हात गळ्यात, कुणाच्या मांडीवर कुणाचा तरी फोटो. तिथे बसलं की आपलं दुःख मोठं म्हणायला लाज वाटते. लेव्हल बसल्या बसल्या कुबडीच्या टोकाने फरशीवर टकटक करत होता. भरीव फरशी ठक वाजते, खाली पोकळ असेल तर डब्यासारखी वाजते. "आई, ही पोकळ. ही पण. खिडकीसमोरची तिसरी तर नुसती टेकवलीय. कुणीतरी पडेल." त्याने शिपायाला सांगितलं. शिपाई म्हणाला, "काका, तुमची केस फरशीची आहे का?"

खिडकीत एक बाई होत्या, चष्मा साखळीला लावून गळ्यात सोडलेला. मी पावती पुढे केली. त्यांनी नंबर बघितला, आत जाऊन दाव्याची फाइल आणली, उलटी पालटी केली आणि म्हणाल्या, "आलंय तुमचं पत्र. हे बघा, लावलंय." फाइलच्या मागच्या बाजूला, पत्रव्यवहार लिहिलेल्या पानाखाली, माझं मोठं अक्षर सुतळीत अडकलेलं होतं.

"मग न्यायाधीश साहेबांनी काय म्हटलं?"

"त्यांच्यापुढे गेलंच नाही, आजी. हे पत्र आहे. अर्ज नाही."

"त्यात फरक काय?"

"साहेब कुणाचं खासगी पत्र वाचून तारीख बदलत नाहीत. समोरच्या पक्षाला न कळवता एकाचं ऐकलं असं होतं ते. दाव्यामध्ये रीतसर अर्ज द्यावा लागतो. त्याची प्रत विमा कंपनीच्या वकिलाला द्यायची, मिळाली म्हणून त्याची सही घ्यायची. मग आम्ही तो बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या यादीत लावतो, साहेब दोघांचं ऐकतात. आणि तुम्ही वकील दिलाय, तेव्हा अर्ज वकिलाच्या सहीने यायला हवा. तारीख आम्ही देत नाही. आम्ही फक्त समोर ठेवतो."

मी विचारलं, "हे आम्हाला आठ आठवड्यांत कुणी कळवलं का नाही?"

"पत्राला उत्तर देण्याची पद्धत नाही."

"पद्धत नाही! सुतळी ओवायची पद्धत आहे, भोक पाडायची पद्धत आहे, पान नंबर टाकायची पद्धत आहे. याच्या गुडघ्यात आत काय घट्ट होतंय त्याला काही पद्धत आहे का हो बाई? चार ओळी लिहून कळवलं असतं तर तुमची शाई संपली असती?"

बोळातली सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली. लेव्हल म्हणाला, "आई, हळू." मी म्हटलं, "मी दोन वर्षं हळूच बोलतेय."

त्या बाई रागावल्या नाहीत. चष्मा डोळ्यावर चढवून त्या माझं पत्र वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी बोट एका ओळीवर ठेवलं. "आजी, हे कुणी लिहिलं? तब्येत बरी आहे, बसून थोडंफार काम करतो?"

मी लेव्हलकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता.

"खरं आहे का हे?"

"नाही," मी म्हटलं.

"मग असं लिहून लवकर तारीख कोण देणार? बरा असलेल्या माणसाला घाई कसली?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ही फाइल कंपनीचा वकीलही बघू शकतो. आता हे पान मला काढता येणार नाही, नंबर पडलाय. तुम्ही अर्ज नीट करा. डॉक्टरांचा ताजा दाखला जोडा, त्यात सहा महिन्यांची मुदत स्पष्ट लिहून घ्या. पुरावा संपलाय, फक्त युक्तिवाद राहिलाय, हे वरच लिहा. बाकी रडगाणं खाली. साहेब वरचं आधी वाचतात."

त्या बाईंनी नियमाबाहेर काही केलं नाही. फक्त नियम नीट सांगितला. दोन वर्षांत तेवढं कुणीच केलं नव्हतं. तरी माझा राग त्यांच्यावरचा गेला नाही, कमी झाला इतकंच. आठ आठवडे म्हणजे आठ आठवडे.

डॉक्टरांनी दाखला त्याच दिवशी दिला. आता वकिलाची सही. मी एकटीच गेले, सोबत दोन किलो मटार घेऊन. कारकून म्हणाला, "साहेब कामात आहेत." मी म्हटलं, "मी पण." आणि त्यांच्या बाहेरच्या खोलीत, पक्षकारांच्या खुर्चीवर, मांडीवर परात घेऊन मटार सोलायला बसले. येणारे जाणारे बघायला लागले. एकजण कारकुनाला विचारतो, "इथे वकील बसतात ना?" अर्ध्या तासाने वकील स्वतः बाहेर आला.

"मावशी, हे काय चालवलंय?"

"थांबलेय. घरी थांबून दोन महिने झाले, म्हटलं आज इथे थांबून बघू. पिशवीत अजून दीड किलो आहेत."

"अहो, पुढच्या आठवड्यात करतो म्हटलं होतं ना."

"कुठल्या वर्षाच्या? तुमच्या या माणसाने पत्र लिहा म्हणून सांगितलं. ते पत्र तिथे सुतळीला लटकतंय. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, की आम्हाला ठाऊक नाही हे ठाऊक होतं?"

त्याने कारकुनाकडे असं बघितलं की कारकुनाने दात कोरायची काडी खिशात ठेवली. वकिलाने अर्ज टंकायला दिला. मी रजिस्ट्रीतल्या बाईंनी सांगितलेल्या क्रमाने सांगत गेले, पुरावा संपला, युक्तिवाद बाकी, वैद्यकीय मुदत, दाखला सोबत. वकील म्हणाला, "मावशी, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." मी म्हटलं, "मग मटार कुणी सोलले असते?" संध्याकाळपर्यंत कंपनीच्या वकिलाकडे प्रत पोचली, मिळाल्याची सही आली आणि दुसऱ्या दिवशी अर्ज खिडकीत गेला. बाईंनी शिक्का मारला. सात दिवसांनी बोर्डावर.

त्या दिवशी सकाळी ठेकेदार आपली छोटी गाडी घेऊन दारात उभा. लेव्हलला बसमध्ये पाय दुमडता येत नाही, हे त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं. "चल लेव्हल, सोडतो. मला त्याच बाजूला जायचंय." माणूस वाईट नाही. पण नेमका त्याच दिवशी चांगला झाला. लेव्हलचं तोंड उतरलेलं मी बघितलं. त्याला वाटलं दारात सोडून जाईल. तर तो गाडी लावून आमच्यामागे आत आला आणि मागच्या बाकावर बसला. म्हणे, "कधी आतून बघितलं नाही, बघू तरी."

न्यायाधीश किरकोळ अंगाचे होते आणि सारखे खोकत होते. आमचा नंबर अकरावा. आमच्या वकिलाने अर्ज वाचला, त्या दिवशी बरा बोलला तो. मग कंपनीचा वकील उठला. तरणा, चकचकीत बुटांचा. त्याने फाइल बघून ठेवली होती.

"साहेब, आमची हरकत आहे. अर्जात म्हटलंय, दावेदाराला काही काम करता येत नाही, तातडी आहे. पण याच फाइलमध्ये दावेदाराचं स्वतःच्या सहीचं पत्र आहे. वाचून दाखवतो. 'तब्येत आता बरी आहे, बसून थोडंफार काम करतो.' मग तातडी कसली? बोर्डावर याच्याआधीचे शेकडो लोक थांबलेत. त्यांनी का थांबायचं?"

माझ्या हातून लिहिलेली ओळ त्याच्या तोंडून ऐकताना मला वाटलं, ते पेन मोडून टाकायला हवं होतं. त्या पोरावर राग आला, वकिलावर आला, कारकुनावर आला, माझ्यावर आला. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त माझ्या मुलावर आला.

न्यायाधीशांनी ते पान बघितलं. "दावेदार हजर आहेत?"

लेव्हल कुबड्यांवर उठला.

"ही सही तुमची?"

"हो साहेब."

"बसून काय काम करता?"

त्याने एकदा मागे बघितलं. मागच्या बाकावर ठेकेदार हाताची घडी घालून बसला होता. मला तेव्हा कळलं की न्यायाधीशांनी विचारलेला प्रश्न एक आहे आणि माझ्या मुलाला ऐकू आलेले प्रश्न दोन आहेत.

"काही करत नाही साहेब," तो म्हणाला. "खोटं आहे ते. मीच आईला लिहायला लावलं. ती नको म्हणत होती."

"का?"

"मी फरशी बसवतो. ते काम गुडघ्यावर होतं, बसून होत नाही. दोन वर्षांत मी एकदाही जमिनीला टेकलो नाही. खाली काही पडलं तर माझी बायको उचलते. धंद्यात कळू नये म्हणून तसं लिहिलं. कळलं की माणसं धरून ठेवत नाहीत." मग थांबला आणि म्हणाला, "आता कळलं. आता तारीख तरी द्या."

मागे वळून बघायचं धाडस मला झालं नाही.

कंपनीचा वकील म्हणाला, "साहेब, म्हणजे हे खोटं लिहितात हे त्यांनीच मान्य केलं. याची नोंद व्हावी."

न्यायाधीश खोकले. "हे पत्र शपथेवर नाही. तुमचाही पुरावा संपलाय. पुन्हा उघडायचा असेल तर रीतसर अर्ज द्या, तेव्हा ऐकू. आज प्रश्न फक्त तारखेचा आहे. डॉक्टरांच्या दाखल्याबद्दल काही हरकत?"

"दाखल्याबद्दल नाही, साहेब."

"राहिला फक्त युक्तिवाद. किती वेळ लागेल तुम्हाला?"

"वीस मिनिटं, साहेब."

"वीस मिनिटांसाठी दहा महिने," न्यायाधीश म्हणाले, कुणाला म्हणाले कोण जाणे, आणि त्यांनी डायरी उघडली. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. कोणत्याही पक्षाला मुदतवाढ नाही, असंही लिहायला सांगितलं. आमचा वकील असा झुकला जणू त्याने स्वतःच मटार सोलले होते.

ठेकेदाराने आम्हाला घराशी उतरवलं, लेव्हलची कुबडी हातात दिली, म्हणाला, "येतो आई." मला म्हणाला. त्याला काही नाही.

चौथ्या दिवशी त्याचा माणूस पेटी घेऊन आला. दारात ठेवली आणि चहा नको म्हणून निघून गेला. सूनबाई कामाला गेली होती. लेव्हल खुर्चीवरून बराच वेळ त्या पेटीकडे बघत होता. मी म्हटलं, "शिव्या घाल त्याला. मी पण घालते, साथ देते."

"कशाला? त्याने दोन वर्षं ठेवली. दुसऱ्याने दोन महिनेही नसती ठेवली."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस."

"बाजू नाही घेत. मोजतोय." मग म्हणाला, "आई, ती उघडून दे. मला वाकता येत नाही."

थापीवर गंज होता. लेव्हलच्या काचेतला बुडबुडा मात्र जागच्या जागी होता. त्याने ती आमच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "याचा एक पाय आखूड आहे. म्हणून तुझं अक्षर उतरतं." मी त्याच्याकडे पाठ करून भांडी घासायला घेतली, कारण त्या वेळी मला त्याला माझं तोंड दाखवायचं नव्हतं.

युक्तिवाद झाला. वीस नाही, पंचवीस मिनिटं लागली. कंपनीच्या वकिलाने पुरावा उघडायचा अर्ज काही दिला नाही. पंधरा दिवसांनी निकाल लागला, आमच्या बाजूने. कंपनीने रक्कम भरायला दिलेल्या मुदतीचा शेवटचा दिवस गाठला, तो त्यांचा स्वभाव. ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांच्या सहा महिन्यांतले एकोणीस दिवस उरले होते. त्यात ते आठ आठवडे असते तर, हा हिशेब मी अजून करते आणि अजून रागावते. गुडघा आता खुर्चीवर बसण्याइतका वाकतो. बसमध्ये बसतो, जिना चढतो. जमिनीला टेकत नाही, टेकणार नाही. डॉक्टर म्हणाले, हे मिळालं तेच पुष्कळ. पुष्कळ कुणाला, ते नाही सांगितलं त्यांनी.

ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी निकालाची शिक्क्याची प्रत आणायला गेलो तेव्हा लेव्हल कुबडीशिवाय, नुसत्या काठीवर होता. रजिस्ट्रीच्या बोळात खिडकीसमोरच्या तिसऱ्या फरशीवर एक खुर्ची उलटी करून ठेवली होती. चष्म्याच्या साखळीवाल्या बाईंच्या मनगटाला पट्टी.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"तुमचा मुलगा म्हणाला होता ना, कुणीतरी पडेल. परवा मीच पडले. इमारतीच्या विभागाला तेव्हाच पत्र लिहिलं होतं, चार महिने झाले. उत्तर नाही."

लेव्हलने खुर्ची बाजूला केली, काठीच्या टोकाने फरशीवर एकदा टकटक केलं. डब्यासारखी वाजली. मग अपघातानंतर पहिल्यांदाच मी त्याला गालात हसताना बघितलं.

"पत्र नाही चालत, बाई," तो म्हणाला. "अर्ज करा. वर लिहा, पुरावा संपलाय."